सर्व्हिस कोणाची?

विरारमध्ये दिवाळी सरली आणि पाऊस पुरता गेला की सोसायट्यांच्या आवारात बॅडमिंटनची कोर्टे आखली जातात. पश्चिमेला बोळींज-आगाशीकडे आणि पूर्वेला मनवेलपाड्याच्या बाजूला, जिथे दोन इमारतींमध्ये मोकळी जागा उरली आहे तिथे चुन्याच्या किंवा रंगाच्या रेषा दिसतात, दोन खांबांवर दिवे लागतात आणि लोकलने परतलेली मंडळी जेवणे उरकून रॅकेट घेऊन खाली उतरतात. कोर्ट एक आणि खेळणारे पुष्कळ, त्यामुळे बहुतेक सामने डबल्सचे होतात. शटल आत पडले की बाहेर यावर तिथे वाद होतात, पण ते मिनिटभरात मिटतात. खरा खोळंबा होतो तो सात-सहाच्या आसपास. चौघांपैकी कोणी तरी शटल हातात घेऊन उभा राहतो आणि विचारतो, ‘‘आता सर्व्हिस कोणाची? आणि मी कुठल्या बाजूने करू?’’ चौघांची चार उत्तरे येतात.

या चौघांसाठी, आणि सोसायटीच्या स्पर्धेत खुर्ची टाकून गुण मोजायला बसणाऱ्या पाचव्यासाठी, ही पुस्तिका आहे. फटके कसे मारावेत हे तिच्यात नाही. गुण कसे मोजायचे, सर्व्हिसचा क्रम कसा चालतो, दोन गुणांच्या आघाडीसाठी गेम कसा लांबतो आणि बाजू केव्हा बदलायची, एवढाच तिचा विषय आहे. हे सगळे नियम सुटे सुटे पाठ करायला गेले की गोंधळ होतो. प्रत्यक्षात ते एकमेकांतून निघतात आणि गुणफलक नीट वाचता आला की बरेचसे लक्षात ठेवण्याचे ओझेच उरत नाही.

आज पन्नाशी ओलांडलेले खेळाडू वेगळ्या हिशेबावर वाढले. त्या काळी गुण मिळवण्याचा हक्क फक्त सर्व्हिस करणाऱ्याला होता. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण मिळत नसे, केवळ सर्व्हिस मिळे. पुरुषांचा एकेरीचा आणि सगळ्यांचा दुहेरीचा गेम १५ गुणांचा असे, महिला एकेरीचा ११चा. दुहेरीत एका बाजूचे दोन्ही खेळाडू आळीपाळीने सर्व्हिस करून हरले की मग सर्व्हिस समोर जाई. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंडचा अंतिम सामना १५-३, १५-१० असा जिंकला, तो सगळा काळ याच हिशेबाचा. दोघे तुल्यबळ असले तर सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राही आणि गुणफलक बराच वेळ जागचा हलत नसे. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नसे आणि दूरचित्रवाणीसाठी तर ती मोठीच अडचण होती.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हा हिशेब मोडला. तेव्हापासून प्रत्येक रॅलीला एक गुण आहे, सर्व्हिस कोणाचीही असो. गेम २१चा, सामना तीनपैकी दोन गेमचा, पुरुष-महिला, एकेरी-दुहेरी सगळ्यांना एकच मोजणी. दुहेरीतली दुसरी सर्व्हिसही गेली. आता प्रत्येक बाजूला एका वेळी एकच सर्व्हर असतो. जो रॅली जिंकेल त्याला गुणही मिळतो आणि पुढची सर्व्हिसही. म्हणजे शेवटचा गुण कोणाचा एवढे आठवले की सर्व्हिस कोणत्या बाजूची, हे आपोआप कळते.

उजवीकडून की डावीकडून, याचे उत्तर आकड्यात असते. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे स्वतःचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजव्या चौकातून, विषम असतील तर डाव्या चौकातून. शून्य सम धरायचे. इथे नेहमीची चूक होते ती समोरच्याचे गुण पाहण्याची किंवा दोन्हींची बेरीज करण्याची. म्हणूनच पंच नेहमी सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी उच्चारतो. ‘‘सर्व्हिस ओव्हर, नऊ-बारा’’ असे ऐकू आले की सर्व्हिस नऊवाल्यांची आणि ती डावीकडून, एवढे त्या एका वाक्यात सांगून झालेले असते. सोसायटीच्या कोर्टावर प्रत्येक सर्व्हिसआधी मोठ्याने, याच क्रमाने गुण म्हणण्याची सवय लावली तर निम्मे वाद तिथेच थांबतात.

एकेरीचा प्रश्न इथे संपला. दुहेरीत एक पायरी आणखी आहे आणि ती सावकाश पाहायला हवी.

समजा एका बाजूला अ आणि ब आहेत, समोर क आणि ड. गेम सुरू होताना अ उजवीकडे उभा आहे, ब डावीकडे. पलीकडे क त्यांच्या उजव्या चौकात आहे, ड डाव्या. अ कर्णरेषेत क कडे सर्व्हिस करतो आणि अ-ब रॅली जिंकतात. गुण १-०. सर्व्हिस करून गुण जिंकला की त्या जोडीने आपसांत चौक बदलायचे, म्हणून अ आता डावीकडे गेला, ब उजवीकडे, आणि अ डावीकडून ड कडे सर्व्हिस करतो. ही रॅली क-ड जिंकतात. १-१. सर्व्हिस त्यांच्याकडे गेली. पण गुण घेताना ते सर्व्हिस करत नव्हते, म्हणून त्यांनी जागा बदलायच्या नाहीत, आणि हरलेल्यांनीही नाही. त्यांचा गुण एक, विषम. त्यांच्या डाव्या चौकात ड उभा आहे, म्हणून सर्व्हिस ड करणार, अ कडे.

ही रॅली अ-ब जिंकतात. २-१. पुन्हा कोणीही हलत नाही. दोन सम आहे, उजव्या चौकात या वेळी ब आहे, म्हणून सर्व्हिस ब ची. नेमके इथेच आवारात गाडी अडते, कारण मघाशी सर्व्हिस अ करत होता आणि ती परत आली तेव्हा तीच पुढे चालवावी असे त्याला वाटते. ब हरला तर २-२, सर्व्हिस क ची, उजवीकडून. अशा रीतीने सर्व्हिस जेव्हा जेव्हा बाजू बदलते तेव्हा अ, मग ड, मग ब, मग क आणि पुन्हा अ असा फेरा चालू राहतो. हा फेरा कोणी पाठ करण्याची गरज नाही. आपण कोणत्या चौकात उभे आहोत आणि आपल्या बाजूचे गुण सम की विषम, या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

अट एकच, की चौक फक्त सर्व्हिस करून गुण जिंकल्यावरच बदलायचा. बहुतेक गोंधळाचे मूळ या एका अटीत असते. रॅली चालू असताना जोडी पुढे-मागे, आडवी-तिरपी कशीही फिरते, आणि रॅली संपल्यावर दोघे जिथे असतील तिथेच उभे राहतात. आवारात याची खूण लगेच पटते. सर्व्हिस घेणारी जोडी जर सलग दोन रॅलींनंतर वेगळ्या चौकात दिसली तर कुठे तरी घोळ झालेला असतो, कारण सर्व्हिस घेणाऱ्यांनी जागा बदलण्याचा प्रसंगच नियमात नाही.

घोळ झाल्यावर काय करायचे हेही ठरलेले आहे. चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केली, किंवा चुकीच्या चौकातून केली, आणि ते उशिरा लक्षात आले, तर चूक तिथल्या तिथे सुधारायची आणि झालेले गुण तसेच ठेवायचे. रॅली पुन्हा खेळायची नाही, गुण काढून घ्यायचे नाहीत. ‘‘मागचे तीन गुण रद्द’’ या मागणीला नियमात आधार नाही.

पुढचा गेम सुरू करताना आधीचा गेम जिंकलेली बाजू सर्व्हिस करते. त्या जोडीपैकी कोणीही पहिली सर्व्हिस करू शकतो आणि हरलेल्या जोडीपैकी कोणीही ती घेऊ शकतो. म्हणजे फेरा नव्याने मांडता येतो, आणि समोरच्या जोडीतल्या कोणाच्या सर्व्हिसपुढे आपल्यातला कोण उभा राहावा, हे ठरवण्याची ती एक संधी असते.

आता दोन गुणांच्या आघाडीकडे. २०-२० झाले की २१ गुण पुरत नाहीत, दोन गुणांची आघाडी लागते. आवारात याला अजूनही कोणी ‘ड्यूस’ म्हणते, कोणी ‘सेटिंग’. ‘सेटिंग’ जुन्या नियमांतून उरलेले आहे. तेव्हा १४-१४ झाले की आधी १४ गाठणाऱ्याला निवड असे, गेम १५वरच संपवायचा की १७पर्यंत न्यायचा. आज निवड कोणालाच नाही. २२-२०, २३-२१, २४-२२ असे चालत राहते आणि २९-२९ झालेच तर तिसावा गुण घेणारा जिंकतो.

या लांबलेल्या गेमची एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. २०-२०ला एक बाजू गुण घेते, २१-२० होते आणि रॅली जिंकल्यामुळे सर्व्हिसही तिच्याकडे येते. गेम संपवायचा तर पुढचा गुण घ्यायला हवा, म्हणजे तो स्वतःच्या सर्व्हिसवरच घ्यावा लागणार. २२-२० असो की २७-२५, लांबलेल्या गेमचा शेवटचा गुण नेहमी सर्व्हिस करणाऱ्याचाच असतो. रॅलीची मोजणी आल्यावर सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण ही जुनी अट गेली असे आपण म्हणतो, पण २०-२०नंतर ती मागच्या दाराने परत येते. याला अपवाद फक्त २९-२९चा. तिथे आघाडीची अट सुटते आणि सर्व्हिस घेणाराही गेम जिंकू शकतो.

टेनिसमध्ये सर्व्हिस हे हत्यार असते, त्यामुळे टेनिस पाहणाऱ्याला यात काही जड वाटणार नाही. बॅडमिंटनमध्ये उलटे आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिसच्या फटक्याच्या क्षणी शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या वर असता कामा नये, आणि नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. शटलला वर चढावेच लागते आणि पुरुष दुहेरीत समोरचा खेळाडू पुढे झुकून त्याच चढत्या शटलची वाट पाहत असतो. पहिला हल्ला करण्याची संधी घेणाऱ्याला अधिक असते. म्हणून मोठ्या सामन्यात २१-२० ही आघाडी असते, पण तिच्यासोबत अवघड काम हातात येते.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत हे उघड दिसले. भारतापुढे इंडोनेशिया होता. लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकून दिला होता आणि दुसऱ्या सामन्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी उतरले. चिराग मालाडचा, विरारकरांच्या रोजच्या लोकलच्या मार्गावरचा. समोर मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो. पहिला गेम भारताने १८-२१ गमावला आणि दुसऱ्यात गुण झाले १७-२०. तीन मॅच पॉइंट समोर होते.

तिथून पुढचा प्रवास गुणफलकावरूनच वाचता येतो. भारताने १८वा गुण घेतला आणि सर्व्हिस मिळवली. अठरा सम, म्हणून उजव्या चौकात जो होता तो सर्व्हिसला आला. १९ झाले, तोच खेळाडू डावीकडे गेला. २०-२० झाले, तो पुन्हा उजवीकडे आला. तीन वेळा सर्व्हिस त्याच एका हातातून गेली, आणि तिसऱ्या वेळी रॅली इंडोनेशियाने जिंकली. २०-२१. हा चौथा मॅच पॉइंट, आणि आता शेवटचा गुण घेण्यासाठी अहसान-सुकामुल्जो जोडीला स्वतःच सर्व्हिस करावी लागणार होती. भारताने सर्व्हिस घेत ती रॅली जिंकली, २१-२१. एकवीस विषम, डाव्या चौकात जोडीदार उभा, म्हणून सर्व्हिस या वेळी दुसऱ्याकडे. त्याच्याच सर्व्हिसवर २२ आणि त्याच्याच सर्व्हिसवर २३. गेम २३-२१. तिसरा गेम २१-१९ने आला आणि भारत २-० पुढे गेला. तिसऱ्या सामन्यात किदाम्बी श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला २१-१५, २३-२१ हरवले आणि चषक पहिल्यांदा भारतात आला. तो सुद्धा लांबलेल्या गेमवर, श्रीकांतच्या स्वतःच्या सर्व्हिसवर.

चार मॅच पॉइंट वाचवले, अशी बातमी तेव्हा सगळीकडे आली. खेळणाऱ्याने त्यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. चौथा गुण वाचवताना भारत सर्व्हिस घेणारा होता आणि लगेच नंतरचे दोन्ही गुण त्याला सर्व्हिस करून मिळवावे लागले. २१-२१ला जीव भांड्यात पडतो आणि तिथेच आखूड सर्व्हिस नेटमध्ये जाते, हे आवारात कितीदा तरी दिसते.

याच नियमाने पी. व्ही. सिंधूला एकदा गेम मिळाला आणि एकदा जगज्जेतेपद हुकले, तेही एकाच सामन्यात. २०१७ मध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत नोझोमी ओकुहाराविरुद्ध तिने पहिला गेम १९-२१ गमावला. दुसरा २२-२० जिंकला तो ७३ फटक्यांची रॅली खेळून, आणि ती रॅली २१-२० असताना तिच्याच सर्व्हिसवर, डावीकडून सुरू झाली होती. तिसऱ्यात २०-२० झाले आणि पुढचे दोन गुण ओकुहाराने घेतले. एक तास पन्नास मिनिटांच्या खेळात सगळ्या गुणांची बेरीज ६१ विरुद्ध ६३. जुन्या १५च्या हिशेबात बेरजेला अर्थ नव्हता, कारण कित्येक रॅली फलकावर येतच नसत. आज प्रत्येक रॅलीची नोंद फलकावर असते, आणि गुणतक्ता जपून ठेवला तर सामना नंतर पुन्हा वाचता येतो.

राहिला प्रश्न बाजू बदलण्याचा. बंद सभागृहात तो औपचारिक वाटतो, विरारच्या मोकळ्या आवारात नाही. पश्चिमेला अर्नाळ्याचा किनारा आहे आणि इमारतींच्या फटीतून आलेला वारा कोर्टाच्या लांबीने वाहू लागला की दोन बाजू म्हणजे दोन वेगळी कोर्टे होतात. पिसांचे शटल जेमतेम पाच ग्रॅमचे. वारा पाठीशी असेल तर मागच्या रेषेकडे उंच मारलेले शटल सहज बाहेर जाते. वारा तोंडावर असेल तर जोर अधिक लागतो, पण पूर्ण ताकदीने मारले तरी शटल आत राहते. त्यामुळे अनुभवी खेळाडू बहुधा वारा तोंडावर घेणारी बाजूच सोपी मानतात, नवख्याला मात्र ती अवघड वाटते.

पहिला गेम झाला की बाजू बदलायची, दुसरा झाल्यावर तिसरा खेळायचा असेल तर पुन्हा बदलायची, आणि तिसऱ्यात कोणत्याही एका बाजूचे ११ गुण झाले की आणखी एकदा. या तीन बदलांचा हिशेब केला तर नाणेफेकीच्या वेळीच एक निर्णय समोर येतो. तिसरा गेम आपण त्याच बाजूने सुरू करतो जिथून पहिला केला होता, आणि तो संपतो दुसऱ्या गेमच्या बाजूला. म्हणजे नाणेफेक जिंकून सोपी बाजू घेणारा, सामना तिसऱ्या गेमपर्यंत गेला तर, ११ नंतरचे सगळे गुण अवघड बाजूने खेळणार. समोरची जोडी बरोबरीची असेल तर अवघड बाजू आधी घेणे शहाणपणाचे ठरते. जोडी कमकुवत असेल तर दोन गेममध्येच काम संपेल, तिथे ही चिंता करू नये. नाणेफेक जिंकणाऱ्याला सर्व्हिस करणे वा घेणे किंवा बाजू यांपैकी एकच गोष्ट निवडता येते, उरलेली दुसऱ्याला मिळते. वारा असताना सर्व्हिस मागून घेणारे पुष्कळ दिसतात, आणि वर सांगितलेले १.१५ मीटरचे गणित पाहता ती निवड वाया गेलेली असते.

तिसऱ्या गेममध्ये ११ला साठ सेकंदांची विश्रांती असते आणि तेव्हाच बाजू बदलली जाते. सर्व्हिस मात्र अकरावा गुण घेणाऱ्याचीच राहते आणि अकरा विषम असल्यामुळे ती डावीकडून होते. पाणी पिऊन परतताना जोडी उलट्या चौकांत उभी राहते आणि सर्व्हिसचा फेरा तिथून बिघडतो, म्हणून गुण लिहिणाऱ्याने ११ला चौघांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात. बाजू बदलायचे राहूनच गेले तर लक्षात येताच, शटल खेळात नसताना, बदलायची आणि गुण तसेच पुढे चालवायचे.

विरारमध्ये रात्री दहापर्यंत सगळ्यांना खेळायला मिळावे म्हणून पुष्कळदा २१चा एकच गेम खेळतात आणि त्यात बाजू बदलतच नाहीत. वारा असेल तर हा सरळ अन्याय आहे. एका गेमच्या सामन्यातही ११ला बाजू बदलावी, हा या पुस्तिकेचा आग्रह आहे आणि पहिल्या प्रकरणात त्यासाठी वेगळा गुणतक्ता छापला आहे. २०२५ पासून जागतिक महासंघाने १५ गुणांच्या गेमच्या चाचण्याही घेतल्या. त्यांत १४-१४नंतर दोनची आघाडी लागते आणि कमाल मर्यादा २१ची असते. सम-विषमचा नियम, चौक बदलण्याची अट आणि सर्व्हिसचा फेरा यांना तिथेही धक्का लागत नाही. पुढच्या पानांवरची उदाहरणे २१च्या गेमची आहेत. १५चा गेम खेळणाऱ्यांनी २० ऐवजी १४ आणि ३० ऐवजी २१ धरून ती वाचावीत.